अर्जातला ‘मी’ मोजा, पण तिथेच थांबू नका

शेंद्रा-बिडकीनमध्ये मोठे कारखाने येणार, अशा बातम्या आपण २०२४ पासून वाचतोय. टोयोटा किर्लोस्करचा सामंजस्य करार झाला, एथरच्या स्कूटरचा कारखाना जाहीर झाला. दर बातमीखाली एकच कमेंट असते, ‘स्थानिकांना संधी मिळाली पाहिजे.’ मागणी बरोबर आहे. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत, हे राज्याचं जुनं धोरणही आहे. पण त्या धोरणातला ‘स्थानिक’ महाराष्ट्रातला असतो, अजिंठ्याचा, सिल्लोडचा किंवा सोयगावचा नसतो. म्हणजे आपल्या पोराची स्पर्धा पुण्याच्या आणि नाशिकच्या पोराशीच आहे. आणि ती मुलाखतीच्या आधी, अर्जाच्या कागदावरच सुरू होते.

या कागदाबद्दल थोडं सविस्तर लिहितोय. आपल्या भागातले नोकरीचे अर्ज वाचले की एक गोष्ट ठळक दिसते. जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू होतं. मी अमुक गावचा रहिवासी आहे, मी अमुक शिकलो आहे, मला अमुक करायचं आहे. इंग्रजीत लिहिलेला असेल तर आय ॲम, आय हॅव, आय वॉन्ट. पानभर लिहूनही ज्याच्याकडे अर्ज करतोय त्याला नेमकं काय हवंय, याबद्दल एक अक्षर नसतं.

ही पोरांची चूक आहे असं मला वाटत नाही. त्यांना शिकवलंच तसं गेलंय. शाळेत आपण ‘अर्ज’ शिकतो तो विनंतीअर्ज असतो. बोनाफाईड मिळण्याबाबत, फी माफ होण्याबाबत, रजा मिळण्याबाबत. पुढे तहसीलला जातो, तिथेही तेच. उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज सादर करतो की, मी मौजे अमुक येथील कायम रहिवासी असून… या अर्जात सुरुवातीला ‘मी’ येणं बरोबरच आहे. तिथे साहेबाला तुमची गरज नसते. नियम ठरलेला असतो आणि तुम्ही त्या नियमात बसता की नाही, एवढंच बघायचं असतं. म्हणून गाव, वय, उत्पन्न, घरची परिस्थिती हे सगळं तिथे लागतं.

नोकरीचा अर्ज वेगळा असतो. तिथे समोरच्याचं काहीतरी अडलेलं असतं. काउंटरवर माणूस नाही, स्टोअरचा हिशेब जुळत नाही, रात्रपाळीला कोणी टिकत नाही. जाहिरात द्यायला त्याने पैसे आणि वेळ घातलाय तो या अडचणीपायी. आपण मात्र त्याला तहसीलदार समजून आपली पात्रता आणि परिस्थिती सांगत बसतो. इंग्रजीत तर याहून जुना साचा अजून फिरतोय: आय बेग टू स्टेट दॅट, सम पोस्ट्स आर लाइंग व्हेकंट अंडर युअर काइंड कंट्रोल. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली, आपला अर्जदार अजून ‘बेग’ करतोय.

आता प्रत्यक्ष एक उदाहरण घेऊ. हा मसुदा कुणा एकाचा नाही. असे अनेक अर्ज वाचून त्यांचा मिळून नमुना म्हणून बनवलाय. समजा, शहरातल्या एका हॉटेलची जाहिरात आहे. फ्रंट ऑफिस असिस्टंट पाहिजे. बारावी किंवा पदवी. मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. पर्यटकांना स्थळांची माहिती देता आली पाहिजे. सकाळची शिफ्ट करण्याची तयारी हवी. कॉम्प्युटरवर बुकिंगच्या नोंदी ठेवता आल्या पाहिजेत.

त्यावर अजिंठा गावातल्या एका पोराने लिहिलेला पहिला मसुदा असा:

‘महोदय, मी अजिंठा येथील रहिवासी आहे. मी बी.ए. द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झालो आहे. मी एमएस-सीआयटी केलेले आहे. मला मराठी, हिंदी व इंग्रजी भाषा येतात. मी प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू तरुण आहे. माझी घरची परिस्थिती बेताची असून माझ्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे. मला हॉटेल क्षेत्रात करिअर करायचे आहे. मी दोन हंगाम फर्दापूर टी-पॉइंटवर मामांच्या दुकानात काम केलेले आहे. आपल्या नामांकित हॉटेलमध्ये मला खूप शिकायला मिळेल. तरी मला एक संधी द्यावी, ही नम्र विनंती.’

पेन घ्या आणि मोजा. दहा वाक्यं आहेत. ‘मी’ने सुरू होणारी पाच, ‘मला’ने दोन, ‘माझी’ने एक. म्हणजे दहापैकी आठ. उरली दोन. त्यातलं एक ‘आपल्या नामांकित हॉटेलमध्ये’ असं सुरू होतं, म्हणून वरवर ते हॉटेलबद्दल वाटतं. पण वाक्य पूर्ण वाचा. तिथेही शिकायला मिळणार ते यालाच. शेवटचं ‘तरी’ने सुरू होतं, पण मागणी स्वतःसाठीच. म्हणजे सुरुवातीचे शब्द मोजले तर आठ, आणि वाक्य कुणाबद्दल आहे हे बघितलं तर दहापैकी दहा.

मराठीत हा फरक जास्त जपून बघावा लागतो. इंग्रजीत कर्ता लिहावाच लागतो, त्यामुळे ‘आय’ लपत नाही, पानावर उभ्या रांगेत दिसतो. मराठीत क्रियापदच कर्ता पोटात घेऊन येतं. ‘करू शकतो’, ‘इच्छितो’, ‘उत्तीर्ण झालो’ म्हटलं की ‘मी’ न लिहिताही तो तिथे असतोच. म्हणून अर्ज तपासताना नुसता ‘मी’ शोधून भागत नाही. ‘मला’, ‘माझा’, ‘माझ्यावर’ आणि ‘तो-ते-लो’ने संपणारी क्रियापदं, या सगळ्यांखाली रेघ मारायची.

एवढं सांगितलं की बरेच जण एक सोपा उपाय करतात. ‘मी’ खोडून टाकतात. अजिंठा येथील रहिवासी असून बी.ए. उत्तीर्ण. एमएस-सीआयटी केलेले आहे. हॉटेल क्षेत्रात करिअर करण्याची इच्छा आहे. ‘मी’ शून्य झाला, पण वाचणाऱ्याच्या हातात पहिल्यापेक्षा एक कणही जास्त आलं नाही. काही जण त्याहून पुढे जाऊन ‘माझ्याकडून सदर काम करण्यात आले’ असं सरकारी वळण देतात. त्याने वाक्य फक्त जड होतं. ‘मी’ची संख्या हे तापमापकासारखं आहे. पारा खाली हलवून ताप उतरत नाही.

मग करायचं काय? प्रत्येक वाक्यापुढे समासात एक प्रश्न लिहायचा: ‘मग त्यांना काय?’ आणि हॉटेलच्या मॅनेजरच्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचं. उत्तर तीनपैकी एक येतं. वाक्य काढून टाका, बायोडेटात ढकला किंवा त्यांच्या गरजेला जोडा.

आपल्या मसुद्यावर हे लावून बघू. रहिवासी, बी.ए., एमएस-सीआयटी: हे बायोडेटात आहेच, पत्रात पुन्हा तीन वाक्यं खर्च करायची गरज नाही. ‘प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू’: हे प्रत्येक अर्जात असतं आणि कुणीच स्वतःला आळशी लिहीत नाही, म्हणून याचं वजन शून्य. ‘करिअर करायचे आहे’, ‘शिकायला मिळेल’: हा पोराचा फायदा झाला, हॉटेलचा नाही. काढा.

आता राहिलं आठवं वाक्य, फर्दापूर टी-पॉइंटचं. हे वाक्य सोनं आहे आणि पोराने ते तळाशी गाडून टाकलंय. त्याला वाटतं, मामांचं दुकान म्हणजे काय अनुभव सांगायचा? पण मॅनेजरच्या खुर्चीतून बघा. त्याच्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी बरेच जण अजिंठा-वेरूळसाठी आलेले असतात. अजिंठा तिथून सुमारे शंभर किलोमीटर. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. स्वतःची गाडी फर्दापूर टी-पॉइंटला सोडावी लागते, पुढे सुमारे चार किलोमीटर बसने जायचं असतं. चढायला पायऱ्या आहेत, म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते, चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. हे ज्याला माहीत नाही असा पाहुणा रविवारी रात्री काउंटरवर येऊन ‘उद्या सकाळी अजिंठ्याला गाडी सांगा’ म्हणतो. काउंटरवरच्या माणसाने मान डोलावून गाडी सांगितली, तर पाहुणा दोनशे किलोमीटरची रपेट करून बंद दारावरून परत येतो आणि रात्री मोबाइलवर हॉटेलला एक स्टार देतो. टी-पॉइंटवर दोन हंगाम उभा राहिलेला पोरगा ही चूक करणार नाही. मॅनेजरला पैसे मोजून विकत घ्यायची आहे ती नेमकी हीच गोष्ट.

म्हणून दुसरा मसुदा असा होतो:

‘महोदय, पर्यटकांना स्थळांची माहिती देऊ शकणारा आणि सकाळच्या शिफ्टला येणारा माणूस हवा आहे, असे आपल्या जाहिरातीत म्हटले आहे. अजिंठ्याला निघालेला पाहुणा काउंटरवर जे विचारतो, तेच प्रश्न फर्दापूर टी-पॉइंटवर मामांच्या दुकानात दोन हंगाम रोज ऐकले आणि त्यांची उत्तरे दिली. लेणी कोणत्या वारी बंद असतात, गाडी कुठपर्यंत जाते, पुढची बस कुठून मिळते, वयस्कर माणसाला पायऱ्या झेपतील का, डोलीची सोय आहे का. बहुतेक प्रश्न हिंदीत असत, काही इंग्रजीत.

सोमवारी अजिंठ्याला जायचे म्हणणाऱ्या पाहुण्याला आदल्या रात्रीच वेरूळ सुचवले, तर त्याचा दिवस वाया जात नाही. अशी सगळी माहिती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एका पानावर काढून काउंटरवर ठेवण्याचे काम पहिल्याच आठवड्यात करता येईल.

दुकानाचा रोजचा हिशेब माझ्याकडे होता. एमएस-सीआयटी झाले आहे. हॉटेलचे बुकिंग सॉफ्टवेअर मात्र वापरलेले नाही, ते शिकावे लागेल. सकाळच्या शिफ्टसाठी शहरात आत्याकडे राहण्याची सोय आहे.

बायोडेटा सोबत जोडला आहे. भेटीसाठी आपण सांगाल त्या दिवशी येतो.’

आता या पत्रात ‘मी’ने सुरू होणारं एकही वाक्य नाही, ‘माझ्याकडे’ हा शब्द एकदा आलाय. तरी गंमत बघा, पहिल्या मसुद्यापेक्षा या पत्रातून तो पोरगा जास्त कळतो. पहिल्यात ‘होतकरू तरुण’ होता, तो कुणीही असू शकला असता. दुसऱ्यात टी-पॉइंटवर उन्हात उभा राहून हिंदीत उत्तरं देणारा एक माणूस दिसतो. समोरच्याकडे लक्ष दिलं की आपण पुसले जातो, ही भीती खोटी आहे.

दोन वाक्यांकडे मुद्दाम लक्ष द्या. एक, ‘बुकिंग सॉफ्टवेअर वापरलेले नाही.’ हे लिहायला पोरं घाबरतात. पण जाहिरातीत जे मागितलंय आणि आपल्याकडे नाही, ते मॅनेजर पहिल्या दहा मिनिटांत शोधून काढतोच. आपण आधी सांगितलं, तर बाकीच्या दाव्यांवरही त्याचा विश्वास बसतो. दुसरं, ‘आत्याकडे राहण्याची सोय आहे.’ ही गरज जाहिरातीत लिहिलेली नव्हती. पण अजिंठ्याचा पत्ता वाचल्याबरोबर मॅनेजरच्या मनात येणारा पहिला प्रश्न हाच असतो की, हा शंभर किलोमीटरवरून सकाळी येणार कसा, आणि तेही आपल्या जळगाव रस्त्यावरून? वाळूजच्या छोट्या वर्कशॉपवाल्याचंही तसंच असतं. खेड्यातला पोरगा पेरणीला आणि सोंगणीला गायब होईल का, ही त्याची न बोललेली शंका. तुमच्याकडे तिचं खरं उत्तर असेल तर एका ओळीत लिहा. उत्तर नसेल तर खोटं लिहू नका. जूनमध्ये ते उघडं पडतंच.

समोरच्याची गरज ओळखायची कशी, हा पुढचा प्रश्न. जाहिरात दोनदा वाचा आणि तिच्यातली क्रियापदं वेगळी काढा: माहिती देणे, नोंदी ठेवणे, शिफ्ट करणे. जी गोष्ट जाहिरातीत दोनदा येते किंवा पहिली येते, तिथे त्यांचं जास्त अडतंय असं समजा. हॉटेल, दवाखाना किंवा दुकान असेल तर गूगल मॅपवरच्या तक्रारी वाचा. ‘काउंटरवर कुणी नीट सांगत नाही’ असं चार जणांनी लिहिलं असेल तर गरज कळली. फक्त ती तक्रार पत्रात त्यांच्या तोंडावर मारू नका. ‘आपल्या हॉटेलची सेवा खराब आहे असे वाचले’ असं लिहिणाऱ्याला कुणी बोलावत नाही. आणि जाहिरातीत फोन नंबर असेल तर सरळ फोन करून विचारा की, साहेब, या जागेवरच्या माणसाने दिवसभरात मुख्य काम कोणतं करायचंय? ज्यांनी विचारलं नाही त्यांच्या पुढे तुम्ही तिथेच जाता.

उलट्या बाजूची चूकही सांगायला हवी. ‘मी’ टाळायचा म्हणून काही जण ‘आपण’चा मारा करतात. आपली नामांकित संस्था, आपले कुशल मार्गदर्शन, आपल्यासारख्या थोर व्यक्ती. ही खुशामत झाली, गरज ओळखणं नव्हे. तपासायची खूण सोपी आहे. हॉटेलचं नाव बदलून तेच वाक्य बाजूच्या हॉटेलला पाठवता येत असेल, तर ते वाक्य त्यांच्याबद्दल नाहीच. आणि ‘मी’ म्हणजे काही शिवी नाही. हिशेब तुम्ही ठेवला असेल तर ‘तो मी ठेवत होतो’ असं ठणकावून लिहा. एवढंच बघा की पहिलं वाक्य ‘मी’ने सुरू होऊ नये आणि सलग तीन वाक्यं ‘मी’ची येऊ नयेत. आली तर मधल्या वाक्याला ‘मग त्यांना काय?’ विचारा. इतका नियम पुरे.

आता घरच्या परिस्थितीचं वाक्य. यावर वाद होतो, म्हणून वेगळं लिहितोय. ‘परिस्थिती खरीच बेताची आहे, मग लिहिली तर काय बिघडलं?’ असं पोरं विचारतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात ती लिहायलाच हवी, तिथे तो आपला हक्क आहे. पण नोकरीच्या अर्जात गरिबी लिहिली की दोन गोष्टी होतात. भला मालक हळहळतो आणि कागद बाजूला ठेवतो, कारण हळहळीने त्याचं काउंटर चालत नाही. आणि भला नसलेला मालक ओळखतो की हा कमी पगारावर तयार होईल. म्हणजे ज्या वाक्याने पोराला सहानुभूती मिळेल असं वाटलं, त्याच वाक्याने त्याचा पगार ठरवण्याची ताकद गेली. समोरच्याच्या गरजेपासून सुरुवात केली की उलट होतं. मग आपण मागायला आलेलो नसतो, काहीतरी द्यायला आलेलो असतो. पगाराचं बोलायला त्याच पायावर उभं राहता येतं.

मात्र मालकाची प्रत्येक शंका दूर करणं हे अर्जदाराचं काम नाही. मुलींच्या अर्जांत ‘घरच्यांची परवानगी आहे’, ‘सध्या लग्नाचा विचार नाही’ अशी वाक्यं येतात. कुणीतरी सांगितलेलं असतं की मालक विचारतोच, आधीच लिहून टाक. लिहू नका. कामाची गरज आणि मालकाचा पूर्वग्रह या वेगळ्या गोष्टी आहेत. शिफ्टला वेळेवर पोचणार कशा, हा कामाचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर द्या. लग्न, जात, वडिलांचा धंदा हे काउंटरच्या कामात कुठेच बसत नाहीत, म्हणून पत्रातही नकोत.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण इथे नोकरी वशिल्याने लागते, पत्र वाचतं कोण? यात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. सरकारी भरतीत ठरलेला ऑनलाइन फॉर्म आणि परीक्षा असते, तिथे असलं पत्र लागतच नाही. कंत्राटदार गेटवर उभं करून हजेरीवर घेतो, तिथेही लागत नाही. पण हॉटेलं, ट्रॅव्हल्सवाले, खासगी दवाखाने, खासगी शाळा, संस्था, वाळूज-चिकलठाण्यातले छोटे कारखानदार, यांच्याकडे अर्ज मालक किंवा मॅनेजर स्वतः उघडतो. तिथे वीस अर्जांत अठरा ‘मी मी’ करणारे असतात, तेव्हा उरलेले दोन वाचले जातात. आणि वशिला लागला तरी शिफारस करणाऱ्या काकांना ‘पोरगा होतकरू आहे’ यापलीकडे सांगायला काहीतरी लागतंच. ‘टी-पॉइंटवर दोन वर्षं टुरिस्ट सांभाळलेत त्याने’ हे वाक्य काका फोनवर सांगू शकतात.

शेवटचा मुद्दा मालकांसाठी, कारण सगळा भार पोरांच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही. आपल्याकडच्या जाहिराती बघा. ‘मुले-मुली पाहिजेत, आकर्षक पगार, त्वरित संपर्क.’ काम काय, शिफ्ट कोणती, पगार किती, काही नाही. जो मालक स्वतःची गरज सांगत नाही, त्याने ‘पोरांना अर्ज लिहिता येत नाही’ अशी तक्रार करू नये. रोजगार मेळाव्यांतही तेच. स्टॉलवर कंपनीचं नाव आणि पदाचं नाव, त्याखाली बायोडेट्यांचा ढीग. मेळावा भरवणाऱ्यांनी प्रत्येक कंपनीकडून तीनच ओळी आधी लिहून घ्याव्यात: या जागेवरचा माणूस रोज काय करणार, कोणत्या वेळेत, किती पगारात. त्या ओळी आठ दिवस आधी सिल्लोड-सोयगावच्या कॉलेजांत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावाव्यात. मग पोरांना अर्ज कुणाच्या गरजेकडे बघून लिहायचा ते कळेल.

आणि कॉलेजच्या सरांना एक विनंती. अर्जलेखनाच्या तासाला फळ्यावर तयार नमुना लिहून देऊ नका. त्या आठवड्याच्या पेपरातली एक खरी जाहिरात चिकटवा, पोरांना अर्ज लिहू द्या आणि मग वह्या आपापसात बदलून प्रत्येक वाक्यापुढे ‘मग त्यांना काय?’ लिहायला लावा. एका तासात होतं.

ज्यांच्या घरी सध्या अर्ज लिहिणं चाललंय, त्यांनी मसुदा घेऊन आजच मोजून बघा. आकडा कमेंटमध्ये टाका. आणि ‘मी’ खोडल्यावर त्या जागी काय लिहिलं, तेही टाका. खरं बघायचंय ते तेच.